बघूची चौकट

वाघोलीच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक काचेचं कपाट होतं आणि त्याच्याकडे बघितलं की मला मळमळायचं. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कर्वेनगरहून दोन बस बदलून, नगर रोडच्या धुरातून तिथे पोहोचल्यावर तसंही पोट ठिकाणावर नसायचं, त्यात हे कपाट. काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची शे-सव्वाशे बाडं. प्रत्येक बाड म्हणजे एका नव्या धंद्याचा व्यवहार्यता अहवाल. बाजारात मागणी आहे का, तांत्रिकदृष्ट्या जमेल का, पैशाच्या हिशेबात परवडेल का, असे तीन भाग, आणि शेवटी निष्कर्ष. प्रकल्प नियोजन या विषयासाठी दरवर्षी मुलांचे गट हा अहवाल लिहायचे आणि दरवर्षी तो कपाटात जाऊन बसायचा.

भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं नियोजन खात्यात काढून मी निवृत्त झालो होतो. घरी बसून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर भांडण्यापेक्षा शिकवावं म्हणून हे तासिकेवरचं काम धरलं. पहिल्याच आठवड्यात मी ते कपाट उघडायला लावलं. ग्रंथपाल बाईंनी किल्ली शोधायला अर्धा तास घेतला, कारण आजवर कुणी मागितलीच नव्हती.

मी चार दिवस ती बाडं वाचली. राखेच्या विटांच्या प्रकल्पात बाजारपेठेच्या प्रकरणात लिहिलं होतं, 'उन्हाळ्यात मागणी विशेष वाढते आणि लहान मुलांना हे उत्पादन फार आवडते.' विटा! आदल्या वर्षीच्या आइस्क्रीमच्या अहवालातून उचलताना कुणी एकदा वाचूनही बघितलं नव्हतं. लिहिणाऱ्याने नाही, तपासणाऱ्याने नाही. आणि सगळ्या बाडांचा शेवट एकच, 'सबब प्रस्तुत प्रकल्प व्यवहार्य आहे.' एकही धंदा अव्यवहार्य निघाला नव्हता. भोसरीत आमच्याकडे दहातले सात प्रस्ताव आम्ही परत पाठवायचो, आणि इथे वाघोलीत मात्र जे सुचेल ते चालत होतं. मी संचालकांना विचारलं. ते म्हणाले, "अहो सर, नमुना अहवालात तसंच छापलंय." खरंच छापलं होतं. मुलांना द्यायच्या नमुन्यात निष्कर्षाचं वाक्य तयारच होतं, फक्त प्रकल्पाचं नाव भरायला जागा सोडली होती.

मला या लबाडीची इतकी किळस आली की ते काम सोडायचं मी मनात ठरवलं होतं. सोडलं नाही ते एका विद्यार्थिनीमुळे.

त्या चाळिशीला टेकलेल्या होत्या. वाघोलीतल्याच, माहेर आणि सासर एकाच वेशीच्या आत. खराडीजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायच्या आणि शनिवार-रविवारच्या वर्गाला यायच्या. त्यांच्या गटात त्यांच्याखेरीज तीन तरुण मुलं होती. पहिल्या तासानंतर त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, बाकीच्यांचं मार्कांपुरतं हाय. मला खरंच काढायचाय धंदा. पोळ्यांचा. मशीनवर करून पाकिटं खराडीच्या सोसायट्यांत द्यायची. चालणार असंल तर नोकरी सोडणार. नसंल चालणार तर तसं तोंडावर सांगा."

मग सावरून पुस्तकी भाषेत म्हणाल्या, "म्हणजे अव्यवहार्य असेल तर तसं लिहू ना आपण?"

कपाट उघडल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटलं. मी म्हटलं, "तसंच लिहू."

त्यांनी काम कसं केलं ते सांगायला हवं, कारण पुढच्या चुकीत त्यांचा वाटा नव्हता. मशीनवाल्याच्या पत्रकात ताशी एक हजार पोळ्या असा आकडा होता. गटातल्या संगणकवाल्या मुलाने त्याला आठने गुणलं आणि दिवसाला आठ हजार लिहून मोकळा झाला. बाईंनी ते खोडलं. रजा टाकून त्या हडपसरकडच्या एका पोळी केंद्रावर गेल्या आणि मालकाला मस्का लावून दिवसभर मशीनशेजारी उभ्या राहिल्या. मशीन तापून पोळी नीट फुगेपर्यंत पाऊण तास जातो आणि तेवढ्या वेळच्या पोळ्या कच्च्या किंवा करपलेल्या निघतात. कणीक भिजवून मुरवावी लागते, नाहीतर गोळा फाटतो. पोळी गरम असताना पाकीट बंद केलं तर आत घाम धरतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशी, म्हणून गार करायला जाळ्या आणि जागा हवी. शेवटी तासभर धुणंपुसणं. हे सगळं वजा जाता दिवसाला पाच हजार, असा आकडा त्यांनी आणला. थ्री-फेज जोडणी, अन्नपरवाना, पाण्याची तपासणी, प्रत्येकाला किती दिवस लागतात तेही विचारून आल्या. तांत्रिक भाग इतका चोख मी कारखान्यातही क्वचित बघितला होता.

आता माझं सांगतो. बाजारपेठेच्या पाहणीसाठी दोनशे घरांत फिरायचं होतं, त्याचा फॉर्म बाईंनी हाताने आखून आणला. 'मशीनवरच्या ताज्या पोळ्या आपण विकत घ्याल का?' या प्रश्नापुढे तीन चौकटी होत्या. होय. नाही. बघू.

मी हसलो. लाल पेन काढलं आणि तिसरी चौकट खोडली.

"बघू हे उत्तर नसतं," मी म्हणालो. "माणसाला एका बाजूला यायला लावायचं. नाहीतर आकडेवारी पातळ होते."

"लोक म्हणतात सर बघू," त्या म्हणाल्या.

"म्हणू देत. आपण नाही म्हणू द्यायचं."

वर्गातली मुलं हसली आणि मला माझ्याच वाक्याचं कौतुक वाटलं. बाईंनी वाद घातला नाही. फक्त खाली 'शेरा' म्हणून एक ओळ वाढवली आणि मुलांना बजावलं, माणूस जे बोलेल ते तिथे त्याच्याच शब्दांत लिहायचं. ती ओळ मी राहू दिली, तेवढंच काय ते माझ्या हातून बरं झालं.

पाहणी मुलांनी केली, अर्धी खराडीत आणि पुढेमागे तिकडेही पाकिटं द्यायची म्हणून अर्धी माझ्या कर्वेनगरात. दोनशेपैकी एकशेतीस घरं 'होय'. तेच प्रमाण आसपासच्या सगळ्या सोसायट्यांना लावल्यावर दिवसाला चार हजार पोळ्यांची मागणी निघाली. जागेचं भाडं, पगार, कर्जाचे हप्ते हा ठरलेला खर्च आणि पोळीमागे सुटणारे पैसे यांचा मेळ घातला तर ना नफा ना तोटा हा बिंदू चौतीसशे पोळ्यांवर येत होता. म्हणजे वर सहाशेची सवड. विक्री दहा टक्के घटली तर काय, हेही मुलांनी करून बघितलं होतं. छत्तीसशे, तरीही तगतंय. वीस टक्के घट धरली असती तर बत्तीसशे होऊन धंदा तोट्यात गेला असता, पण नमुना अहवालात दहाच होते म्हणून दहाच केले. मी गणितं तपासली. एकही बेरीज चुकली नव्हती. मी सही केली. संगणकवाल्याने ठरलेलं वाक्य टंकलं, सबब प्रस्तुत प्रकल्प व्यवहार्य आहे, आणि अहवाल रेक्झिनला गेला.

तोंडी परीक्षा शनिवारी होती. मंगळवारी दुपारी मी घरी परिशिष्टाचं गाठोडं सोडून बसलो. भरलेले फॉर्म कुणीच बघत नाही, मीही बघणार नव्हतो. चहा व्हायचा होता म्हणून चाळत होतो, आणि हातात आमच्याच सोसायटीचा फॉर्म आला. आमच्याच मजल्याचा. आमच्याच घराचा.

'होय' वर ठसठशीत बरोबरची खूण. आठवड्यातून चार दिवस. वेळेला दहा पोळ्या.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, विकतची पोळी आमच्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. एकदा हिचा हात मोडला होता तेव्हा मी आणून बघितल्या. तिने डाव्या हाताने कणीक मळली, पण त्या पानात घेतल्या नाहीत. मी फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"पोळ्यांबद्दल विचारायला कुणी मुलगा आला होता का गं?"

"आला होता. घामाघूम झाला होता बिचारा. पाणी दिलं."

"काय सांगितलंस त्याला?"

"म्हटलं, बघू."

"बघू म्हणजे?"

तिने चहा गाळता गाळता माझ्याकडे बघितलं. "बघू म्हणजे नाही. दारात आलेल्या पोराला तोंडावर नाही कसं म्हणणार? तुम्हाला का कधी कुणी बघू म्हटलं नाही?"

चहा तसाच राहिला. मी फॉर्म पसरले आणि शेऱ्याची ओळ वाचत बसलो. 'बघू म्हणाल्या.' 'बघू, सुरू तर होऊ द्या.' 'बघू, मुलीला विचारून.' 'काका बघू म्हणाले व दार लावले.' प्रत्येकावर खूण 'होय' ला. एकशेतीस होकारांपैकी नव्वद 'बघू' होते. खरोखर हो म्हणालेली घरं चाळीस. चार हजारांचे बाराशे तीस झाले. चौतीसशेच्या जवळपासही नाही.

कर्वेनगरची घरं संगणकवाल्या मुलाने केली होती, मी त्याला फोन लावला. तो गोंधळलाही नाही.

"सर, फॉर्मवर दोनच ऑप्शन होते ना. बघू म्हणजे पॉझिटिव्ह इंटेंट असतो. नाही म्हणायचं असतं तर नाहीच म्हणाले असते ना डायरेक्ट? किती पोळ्या ते बाकीच्या घरांच्या ॲव्हरेजवरून भरलं."

तो लातूरकडून आला होता. पुण्याच्या दारात उभं राहून 'बघू' ऐकायची त्याची पहिलीच वेळ. त्याच्यावर चिडायला मला जागा नव्हती. तिसरी चौकट मी खोडली होती, आणि जन्मभर या गावात राहून, हजारदा बघू म्हणून आणि ऐकून, मी म्हणालो होतो की ते उत्तर नसतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांवर नाक मुरडलं, आता माझ्याच हाताला वास येत होता.

बुधवारी संचालकांकडे गेलो. बाईंचा अहवाल मागे घ्यायला हवा, म्हणालो. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"सर, बाहेरचे परीक्षक ठरलेत. प्रती बांधून झाल्यात. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतीये. नापास प्रकल्प दाखवू का त्यांना?"

"प्रकल्प नापास झाला तरी विद्यार्थी पास होतो. अभ्यास बरोबर असला की झालं. व्यवहार्य नाही हेसुद्धा उत्तर आहे."

"ते तुमच्या कारखान्यात. आता परीक्षेआधी त्या मॅडमशी काही बोलू नका, उगाच गोंधळ होतो. शनिवारी परीक्षकांसमोर काय विचारायचं ते विचारा."

नियमाच्या आड माणूस किती पटकन लपतो! मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. बाईंना फोन करायचा म्हणजे आधी ती लाल रेघ कबूल करायची. शनिवारी चारचौघांत प्रश्न म्हणून विचारली तर ती चूक गटाची दिसणार होती. हे मी तेव्हा स्वतःशीही बोललो नाही, आज लिहितोय.

त्याच संध्याकाळी बाईंचाच फोन आला. मागे मालाच्या गाडीचा आवाज येत होता, स्टोअरमधूनच बोलत होत्या.

"सर, उद्या राजीनामा देतेय. कर्जाला स्वतःचा वाटा दाखवायला लागतोय आन् नोकरी सोडल्याबिगर फंड पुरता निघत न्हाई. अहवालात काही राहिलं असंल तर आत्ताच सांगा."

मी फॉर्मांचा गठ्ठा सरळ करत म्हणालो, "शनिवारी बघू ना सगळं."

"बरं सर," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता.

फोन ठेवल्यावर हिने विचारलं, कुणाचा होता. मी म्हटलं, कॉलेजचा.

शनिवारी परीक्षक आले. त्यांनी रेक्झिनवरून हात फिरवला, सोनेरी अक्षरांचं कौतुक केलं आणि समोसा खाता खाता विचारलं, "ब्रेक-इव्हन किती?" बाईंनी सांगितलं. "उत्तम," म्हणाले आणि पुढच्या गटाची यादी बघू लागले. नवी साडी नेसून आल्या होत्या त्या. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही, एवढं मला कळलं.

मी फॉर्म पुढे केले. म्हणालो, "शेऱ्यात 'बघू' आहे ते 'होय' मध्ये कसं धरलं?"

संगणकवाला पॉझिटिव्ह इंटेंट सांगू लागला. परीक्षक म्हणाले, "अहो सर, असू द्या, मुलांनी मेहनत केलीय." बाईंनी गाठोडं उचललं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी काचेतून बघत होतो. स्टोअरमधला माल मोजावा तसे त्यांनी फॉर्म दोन ढिगांत लावले, एक उंच आणि एक बारका. मग मांडीवर ठेवलेल्या कागदावर भागाकार केला.

आत आल्या त्या सरळ शेवटचं पान उघडूनच. छापलेल्या ओळीतला 'आहे' खोडला आणि पेनने वर 'नाही' लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. संचालक म्हणाले, "अहो मॅडम, ही प्रत ग्रंथालयाची आहे, खराब कशाला करताय?"

मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो. त्या वळल्या.

"सर, तुम्हाला हे कधी दिसलं?"

"मंगळवारी."

"मी बुधवारी फोन केला होता."

"हो."

"मला वाटलं, काही असतं तर तुम्ही सांगितलं असतं." मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही बघू म्हणालात."

राजीनामा गुरुवारी सकाळी दिला होता. मी म्हटलं, अजून महिन्याची मुदत आहे, सोमवारी जाऊन मागे घ्या, साहेबांना भेटा, तुमच्यासारखं माणूस कुठली कंपनी सोडेल. मी पुष्कळ बोललो. त्या पायऱ्या उतरून गेल्या.

गटाला चांगले गुण मिळाले. पेनने खोडलेली प्रत कपाटात गेली नाही, संचालकांनी संगणकवाल्याकडून दुसरी छापून घेतली. तिच्यात प्रकल्प व्यवहार्य आहे. मी तासिका सोडल्या आणि कपाट शाबूत आहे. तिथल्या माणसांची किळस आता तेवढी येत नाही, ती घरापासूनच सुरू होते आणि बहुतेक घरीच संपते.

त्या सोमवारी दुपारी मी फोनपाशी बसून होतो. तीनच्या सुमाराला त्यांचा आला. मी विचारलं, "भेटले का साहेब? राजीनाम्याचं काय म्हणाले?"

पलीकडून नगर रोडचा आवाज येत होता.

"बघू म्हणाले," त्या म्हणाल्या.